गोंगाट किंवा अस्वच्छ खोलीची तक्रार: रिसेप्शन आणि ड्यूटी मॅनेजरकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न चाळीस ते साठ खोल्यांच्या हॉटेलांतून येतात. रात्री रिसेप्शनवर एक-दोनच माणसं असतात, हाउसकीपिंगचा एखादाच मुलगा ड्यूटीवर असतो आणि इंजिनिअरिंगचा माणूस जनरेटर रूममध्ये असतो, अशी ही हॉटेलं. उत्तरं तेवढ्या मनुष्यबळात जमतील अशीच दिली आहेत.

१. गेस्टचा फोन आला की पहिल्या दहा मिनिटांत नक्की काय करायचं?

तीन गोष्टी करायच्या. गेस्टचं पूर्ण ऐकायचं, खोली नंबर आणि वेळ लॉगबुकात लिहायची, आणि कोणीतरी प्रत्यक्ष खोलीपर्यंत जायचं. तिसरी गोष्टच सर्वांत जास्त वेळा राहून जाते. "पाठवतो कुणाला तरी" म्हणून फोन ठेवला जातो, हाउसकीपिंगला निरोप जातो, तिथला मुलगा दुसऱ्या मजल्यावर असतो, आणि वीस मिनिटांनी गेस्ट पुन्हा फोन करतो. या दुसऱ्या फोनला विषय खोलीचा उरलेला नसतो, आपण ऐकलं नाही हाच विषय झालेला असतो.

म्हणून "पाच मिनिटांत मी स्वतः येतो" असं सांगायचं आणि पाच मिनिटांत जायचं. जमणार नसेल तर दहा सांगा, पण सांगितलेला आकडा पाळा. रिसेप्शनवर एकटेच असाल तर सिक्युरिटीच्या माणसाला काउंटरपाशी उभं करून जा. जाताना खोल्यांची ताजी यादी पाहून दोन-तीन रिकाम्या खोल्यांचे नंबर लक्षात ठेवा, म्हणजे दारात उभं राहून "बघून सांगतो" म्हणायची वेळ येत नाही.

२. फोनवर काय बोलावं आणि काय टाळावं?

"सॉरी सर, पण आज हॉटेल फुल आहे", "सॉरी मॅडम, पण खोली तर सकाळीच साफ केली होती": या वाक्यांत माफी "पण"पाशी संपते. "इतर कुणाची तक्रार नाही" हे तर अजिबात नको, कारण त्याचा अर्थ तुम्हीच त्रासदायक आहात असा होतो. दोष हाउसकीपिंगवर किंवा लग्नाच्या पार्टीवरही ढकलू नका. गेस्टसाठी हॉटेल एकच असतं.

असं बोललं की पुरतं: "मॅडम, चादरीवर डाग आहे आणि बाथरूममध्ये केस आहेत, बरोबर? हे व्हायला नको होतं, माफ करा. मी पाच मिनिटांत वर येतो." तक्रार आपल्या तोंडून परत म्हटल्याने दोन गोष्टी साधतात. समोरच्याला ऐकलं गेल्याची खात्री पटते, आणि दोन तक्रारींपैकी एक विसरली जात नाही. विचारायचंच असेल तर एकच प्रश्न विचारा: "तुम्ही आता झोपायच्या तयारीत आहात, की थोडा वेळ आहे?" पुढचा निर्णय (प्रश्न ३) या उत्तरावर अवलंबून असतो.

३. खोली बदलून द्यायची की तीच साफ करून द्यायची?

पंधरा-वीस मिनिटांत दोष पूर्ण जाणार असेल आणि गेस्टची हरकत नसेल तर तीच खोली साफ करा. चादर-अभ्रे बदलणं, बाथरूम पुन्हा धुणं, कचऱ्याचा डबा रिकामा करणं ही कामं दोन माणसं एवढ्या वेळात करतात. तेवढा वेळ गेस्टला खोलीतच उभं ठेवू नका. खाली चहा-कॉफीला बसवा, किंवा लहान मूल झोपलं असेल तर शेजारची रिकामी खोली तात्पुरती उघडून द्या.

बदलायची केव्हा? दोष खोलीच्या जागेतच असेल तेव्हा (लिफ्टची भिंत, जनरेटरची बाजू), दोष तासाभरात जाणारा नसेल तेव्हा (सिगारेटचा वास, ओल, ढेकूण), आणि गेस्टला किळस आली असेल तेव्हा. हा तिसरा मुद्दा पुष्कळांना पटत नाही. पण वापरलेला टॉवेल किंवा दुसऱ्याचे केस सापडल्यावर त्या खोलीतली प्रत्येक वस्तू गेस्टच्या मनात अस्वच्छ झालेली असते. चादर कितीही शुभ्र घाला, तो त्यावर निवांत झोपत नाही.

निर्णय मात्र गेस्टवर लादू नका. रात्री साडेअकराला सगळ्या बॅगा पुन्हा भरणं हाही एक त्रासच आहे. दोन्ही पर्याय वेळेसकट सांगा: "हीच खोली वीस मिनिटांत करून देतो, किंवा चौथ्या मजल्यावरची लगेच दाखवतो."

४. आवाज कुठून येतोय हे कसं ओळखायचं?

आधी त्या खोलीत जाऊन एसी बंद करा, दार लावा आणि दोन मिनिटं गप्प उभे राहा. कॉरिडॉरमध्ये उभं राहून आवाज कळत नाही. मग भिंतीला आणि पलंगाच्या डोक्याकडच्या फळीला तळहात लावा. हाताला थरथर लागली तर आवाज इमारतीच्या अंगातून येतोय, म्हणजे पंप, लिफ्ट, जनरेटर किंवा भिंतीवर बसवलेलं एसीचं बाहेरचं युनिट. थरथर नसेल आणि दार किंवा खिडकीपाशी कान नेल्यावर आवाज वाढत असेल तर तो हवेतून येतोय: गप्पा, रस्ता, किचनचा एक्झॉस्ट.

हा फरक कामाचा आहे. हवेतून येणारा आवाज खिडकीची फट बुजवून किंवा कॉरिडॉरच्या पलीकडची खोली देऊन कमी होतो. इमारतीतून येणारा आवाज त्याच रांगेतल्या वरच्या आणि खालच्या खोलीतही जवळपास तेवढाच असतो. त्यामुळे २०७ मधून ३०७ मध्ये हलवलं तर गेस्ट अर्ध्या तासाने पुन्हा खाली येतो.

एक खूण सांगतो. रात्री कुणी पाणी वापरत नसताना प्रेशर पंप दर दोन-तीन मिनिटांनी चालू-बंद होत असेल, तर बहुधा कुठला तरी फ्लश गळत असतो किंवा पंपाच्या प्रेशर टाकीतली हवा कमी झालेली असते. त्या रात्री खोली बदला, आणि सकाळी इंजिनिअरिंगला "पंपाचा आवाज" असं मोघम न सांगता ही नोंद जशीच्या तशी द्या.

५. दंगा शेजारच्या खोलीतला गेस्ट करत असेल तर?

तक्रार करणाऱ्याचा खोली नंबर किंवा नाव शेजाऱ्याला कधीही कळता कामा नये. फोनवर "या मजल्यावर आवाज जाणवतोय, थोडं हळू घ्याल का" एवढंच सांगा. दहा मिनिटांत फरक पडला नाही तर दोघांनी मिळून दारावर जा, एकट्याने नको. बायका किंवा मुलींच्या खोलीवर जायचं असेल तर सोबत महिला कर्मचारी असावी, निदान दारापासून दोन पावलं मागे उभं राहावं. तिसऱ्यांदा वेळ आली तर ड्यूटी मॅनेजरने खोली रिकामी करावी लागेल याची स्पष्ट जाणीव द्यावी.

दंगा करणाऱ्याला हलवायचं की तक्रार करणाऱ्याला? न्यायाने पाहिलं तर दंगा करणाऱ्याला. पण प्यायलेल्या सात जणांना सामानासकट हलवण्यापेक्षा शांत माणसाला चांगली खोली देणं रात्री बाराला जास्त जमतं. फक्त हलायचं की नाही हे त्याला विचारून ठरवा, आणि भरपाई (प्रश्न ११) त्याला द्या.

६. आमच्याच हॉलमध्ये लग्न आहे आणि डीजे चालू आहे. काय करता येईल?

कायद्याची बाजू आधी. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत लॉनवर किंवा गच्चीवर लाउडस्पीकर लावता येत नाही. राज्य सरकार सणांसाठी वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. बंद बँक्वेट हॉलला आतल्या आत वापरण्यापुरती मोकळीक आहे. म्हणजे लॉनवरचा डीजे दहाला बंद व्हायलाच हवा. त्यात वाटाघाटी नाहीत, आणि बुकिंगच्या वेळीच हे यजमानांकडून लेखी घ्यायला हवं.

बंद हॉलमधलं संगीत नियमात बसत असलं तरी वरच्या गेस्टची झोप उडतेच. अशा वेळी डीजेवाल्याला "आवाज कमी करा" म्हणू नका. तो दोन मिनिटं करतो आणि पुन्हा वाढवतो. "बास कमी करा, सब-वूफर बंद करा" असं सांगा. खोलीत पोचतो तो मुख्यतः धडधडणारा बास. गाणं भिंतीत अडतं, ठोका अडत नाही. बास कमी केला तर हॉलमधल्यांना फारसं जाणवत नाही, वरच्यांना मोठा फरक पडतो.

लग्नसराईत हॉलच्या वरच्या आणि शेजारच्या खोल्या वऱ्हाडालाच द्या. ते त्याच गाण्यांवर स्वतःच नाचत असतात. एवढं एक काम दुपारी खोल्या वाटताना केलं तरी रात्रीच्या बऱ्याच तक्रारी येतच नाहीत.

७. नवी खोली गेस्टला दाखवण्याआधी काय तपासायचं?

गेस्ट पहिली चूक विसरू शकतो. दुसऱ्या खोलीतही गडबड निघाली तर तो हॉटेल सोडायच्या विचारात असतो. म्हणून संगणकावर खोली `VC`, म्हणजे रिकामी आणि स्वच्छ, दिसते एवढ्यावर किल्ली देऊ नका. ही नोंद खोली तपासण्याआधीच बदललेली असू शकते, किंवा चार दिवसांपूर्वीची असू शकते.

आधी स्वतः आत जा. दारात पाऊल टाकताच वास घ्या, कारण दोन मिनिटांत नाक त्या वासाला सरावतं. अर्धा तास आत साफसफाई करणाऱ्या मुलाला "वास येतोय का रे" विचारून उपयोग नसतो, त्याला खरंच येत नसतो. मग एसी चालू करा, फ्लश ओढा, गरम पाणी येतंय का पाहा. पांघरूण उलटून चादर आणि उशीखालची जागा बघा. केटलचं झाकण उघडा, ग्लास उजेडात धरा. शेवटी पलंगावर बसून आणि कमोडवर बसून समोर बघा. उभ्याने न दिसणारे पलंगाखालचं खोकं, दारामागचे केस, बेसिनखालची धूळ गेस्टला याच दोन जागांवरून दिसतात.

तक्रार आवाजाची असेल तर प्रश्न ४ मधली दोन मिनिटांची शांतता इथेही पाळा. हे सगळं सात-आठ मिनिटांत होतं.

८. खोली बदलण्याची पूर्ण पद्धत काय?

आधी नवी खोली गेस्टला दाखवा आणि त्यांनी होकार दिल्यावरच सामान हलवा. लॉबीत किंवा लिफ्टमध्ये नवा नंबर मोठ्याने बोलू नका, कार्डाच्या पाकिटावर लिहून द्या. एकट्या प्रवास करणाऱ्या महिलांच्या बाबतीत हे विशेष सांभाळा. सामान बेलबॉय नेईल, पण निघण्याआधी गेस्टला कपाट, तिजोरी, बाथरूमचा हूक आणि चार्जिंगचे प्लग एकदा पाहायला सांगा. चार्जर हमखास मागे राहतो.

मग किल्ली. बऱ्याच हॉटेलांतली कार्डाची कुलपं संगणकाला जोडलेली नसतात. जुन्या खोलीचं कार्ड काउंटरवर रद्द केलं असं वाटलं तरी त्या दाराला ते कळलेलं नसतं. मुदत संपेपर्यंत, किंवा नवं कार्ड त्या कुलपात लावेपर्यंत, जुनं कार्ड दार उघडतं. म्हणून जुनी कार्डं मोजून परत घ्या. एखादं हरवलं असेल तर नवं कार्ड बनवून जुन्या दाराला एकदा लावून या.

शेवटी संगणकात बदल करा आणि रूम चेंज स्लिप भरा. स्लिपची माहिती हाउसकीपिंग, रूम सर्व्हिस, लाँड्री आणि टेलिफोनवर बसणाऱ्याला मिळायलाच हवी. सकाळी साडेपाचचा वेक-अप कॉल जुन्या खोलीत वाजला आणि गेस्टची गाडी चुकली, तर रात्री केलेल्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं. इस्त्रीला दिलेले कपडे, उधारीवर लिहिलेलं रूम सर्व्हिसचं बिल आणि बाहेरून येणारा पाहुणा हेही जुन्या नंबरावरच जातात. पोलीस नोंदीच्या रजिस्टरमध्येही खोली नंबर बदला.

९. गेस्ट बाहेर गेलेत. त्यांचं सामान आम्हीच हलवून ठेवलं तर चालेल का?

फोनवर स्पष्ट होकार मिळाला तरच, आणि तो कुणी, किती वाजता दिला हे लॉगबुकात लिहून. दोन कर्मचारी असावेत, त्यातला एक सिक्युरिटीचा. सामान कुठे कसं होतं त्याचे फोटो काढा, कपाटातले कपडे हँगरसकट उचला आणि नव्या खोलीत त्याच क्रमाने लावा. तिजोरी बंद असेल तर हात लावू नका, ती गेस्ट आल्यावरच उघडेल. होकार नसेल तर थांबा. गेस्ट परत आल्यावर दहा मिनिटं गेलेली परवडतात, हरवलेल्या अंगठीचा आरोप परवडत नाही.

१०. खोली स्वच्छ दिसते, तरी गेस्ट म्हणतात वास येतो किंवा काहीतरी चावतंय. मग?

वासाला रूम फ्रेशनर मारू नका. वासावर वास चढतो आणि काहीतरी लपवताहेत असा संशय येतो. गटारासारखा वास बाथरूममधून येत असेल तर नहाणी ट्रॅपची जाळी उचलून बघा. खोली आठ-पंधरा दिवस रिकामी असली की ट्रॅपमधलं पाणी आटतं आणि पाइपमधली हवा वर येते. अर्धी बादली पाणी ओतलं की काही मिनिटांत वास थांबतो. एसी लावल्यावर पहिली काही मिनिटंच कुबट वास येत असेल तर फिल्टर किंवा पाणी साठणारा ट्रे घाण झालेला आहे, ते काम सकाळचं. पडद्यात आणि गालिच्यात मुरलेला सिगारेटचा वास रात्रीत जात नाही, खोली बदला.

चावण्याची तक्रार आली की टॉर्च घेऊन गादीची शिवण, पलंगाच्या डोक्याकडची फळी आणि तिच्यामागची भिंत पाहा. शिवणीत शाईच्या टिंबांसारखे काळे ठिपके, सोललेली सालं किंवा जिवंत ढेकूण दिसला तर खोली लगेच बंद करा. गेस्टला शेजारची, वरची किंवा खालची खोली देऊ नका, कारण ढेकूण भिंतींच्या फटींतून आणि पाइपांच्या बाजूने सरकतात. बॅगा नव्या खोलीत पलंगावर न ठेवता बाथरूमच्या फरशीवर ठेवा. कपडे हॉटेलच्या खर्चाने ६० अंशांवर धुऊन गरम ड्रायरमध्ये वाळवून द्या. जी कापडं एवढी उष्णता सोसत नाहीत ती गेस्टला आधी दाखवून वेगळी काढा. बाधित खोलीतलं लिनन त्याच खोलीत पिशवीत बांधून बाहेर काढा, ट्रॉलीवर उघडं टाकलं तर तुम्हीच ते मजलाभर पसरवाल. पेस्ट कंट्रोल एकदा करून भागत नाही. अंड्यांतून नवे ढेकूण आठवड्या-दीड आठवड्यात बाहेर येतात, म्हणून साधारण दोन आठवड्यांनी दुसरी फवारणी करून, पुन्हा तपासूनच खोली विक्रीला काढा.

११. भरपाई किती द्यायची? फुकट राहू द्यायचं का?

आधी खोली, मग पैसे. दारात उभं राहून पहिल्या वाक्यात "डिस्काउंट देतो सर" म्हटलं की गप्प बसवायला पैसे देताहेत असं वाटतं. गेस्ट नव्या खोलीत स्थिरावल्यावर किंवा सकाळी बोला.

भरपाई जे गेलं त्याच्याशी जुळणारी असावी. तासभर झोप गेली तर उशिरा चेकआउट आणि नाश्ता. खोली अस्वच्छ निघाली तर पहिल्या रात्रीच्या भाड्याचा काही भाग. रात्रभर झोप झालीच नाही आणि आपण काही करू शकलो नाही, तर त्या रात्रीचं पूर्ण भाडं. थकलेल्या कुटुंबाला बारचं कूपन देऊ नका.

रिसेप्शनला पाचशे रुपयांपर्यंत आणि ड्यूटी मॅनेजरला एका रात्रीच्या निम्म्या भाड्यापर्यंत स्वतःच्या अधिकारात देता यावं, अशी मर्यादा लिहून ठेवलेली बरी. आकडा हॉटेलच्या दराप्रमाणे बदला. पण रात्री एकला "मॅनेजर सकाळी येतील, त्यांच्याशी बोला" असं उत्तर मिळणार असेल, तर ते तक्रार न सोडवल्यासारखंच आहे.

१२. एखादं उदाहरण वेळेनिशी सांगाल का?

मे महिना, अठ्ठेचाळीस खोल्यांचं हॉटेल, खाली हॉलमध्ये लग्न. २०७ मध्ये नवरा-बायको आणि नवऱ्याची आई. भाडं रात्रीला ४,००० रुपये, दोन रात्री. १०:४० ला सुनेचा फोन येतो: चादरीवर डाग आहे, बाथरूममध्ये केस आहेत, आणि खालच्या आवाजाने सासूबाईंना झोप लागत नाही.

१०:४१ ला नोंद होते, १०:४५ ला ड्यूटी मॅनेजर दारात असतो. चादर बदलून घाण जाईल, पण भिंतीला हात लावल्यावर ठोका जाणवतो, म्हणजे ही खोली वाचणार नाही. तो आजींशीही बोलतो, कारण खरी झोप त्यांची गेलेली आहे: "आजी, तुम्हाला शांत खोली बघतो, दहा मिनिटं द्या."

रिकाम्या तीन खोल्या आहेत: ११२, ३०९ आणि ४११. ११२ पंपाच्या बाजूला, ३०९ लिफ्टला लागून. ४११ सर्वांत वर आणि हॉलच्या विरुद्ध टोकाला. १०:५२ ला तो ४११ उघडतो. आवाज नाही, पण बाथरूममधून हलका वास येतोय आणि टॉवेल दोनच आहेत. ट्रॅपमध्ये पाणी ओतलं जातं, तिसरा टॉवेल आणि आजींसाठी एक जादा उशी मागवली जाते, एसी चालू करून ठेवला जातो. ११:०२ ला सून खोली पाहून होकार देते, ११:१५ ला सामान वर, जुनी दोन्ही कार्डं परत. निघताना तो विचारतो, "सगळं ठीक आहे का ते विचारायला फोन करू, की आता झोपू देऊ?" त्या म्हणतात, झोपू द्या. म्हणून फोन नाही. पुष्कळ ठिकाणी चेकलिस्टमध्ये लिहिलंय म्हणून साडेअकराला फोन करून गेस्टला उठवलं जातं.

पुढच्या पाच मिनिटांत स्लिप भरली जाते, सकाळी सहाचा चहा ४११ वर वळवला जातो, आणि पहिल्या रात्रीचे १,००० रुपये कमी करण्याची नोंद त्याच वेळी संगणकात होते. ही नोंद सकाळवर ठेवली असती तर शिफ्ट बदलल्यावर कॅशिअरने पूर्ण बिल पुढे केलं असतं.

१३. बिलात सवलत आणि जीएसटी कसा दाखवायचा? वरची महागडी खोली फुकट दिली तर कर कशावर?

सवलत बिल बनण्याआधी द्या आणि बिलावर वेगळी ओळ दाखवा. मग कर कमी झालेल्या रकमेवर लागतो. वरच्या उदाहरणात ३,००० अधिक ४,००० म्हणजे ७,०००, त्यावर ५ टक्क्यांनी ३५०, एकूण ७,३५० रुपये. (७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के, त्यावरच्या खोलीला १८.) बिल आधीच बनून ८,४०० भरले गेले असतील तर क्रेडिट नोट काढून १,००० आणि त्यावरचे ५० असे १,०५० परत करा. रोख देऊन कागद न बनवण्याचा मोह टाळा, हिशोब जुळत नाही.

९,००० रुपयांची खोली ४,००० मध्येच दिली तर कर प्रत्यक्ष आकारलेल्या ४,००० वर, त्याच दराने. छापील दर मोजला जात नाही.

१४. बुकिंग ऑनलाइन कंपनीमार्फत आहे आणि पैसे त्यांच्याकडे भरलेत. सवलत कशी द्यायची?

जे पैसे तुमच्याकडे आलेच नाहीत ते तुम्ही काउंटरवरून परत करू शकत नाही, हे गेस्टला त्याच रात्री सरळ सांगा. तुमच्या हातात असलेलं लगेच द्या: खोली बदल, जेवण किंवा लाँड्रीचं बिल माफ, उशिरा चेकआउट. भाड्यातली सवलत कंपनीच्या हॉटेल पोर्टलवरून लेखी मंजूर करा आणि गेस्टला त्याचा संदर्भ क्रमांक द्या. "तुम्ही त्यांच्याशी बोला" म्हणून सोडून दिलं तर दोन्हीकडून टोलवाटोलवी होते, आणि रिव्ह्यूमध्ये नाव तुमचंच येतं.

१५. हॉटेल पूर्ण भरलं आहे, बदलायला खोलीच नाही. मग?

आधी खात्री करा की खरंच नाही. संगणकात `OOO`, म्हणजे दुरुस्तीसाठी बंद, दाखवलेली खोली कधीकधी फक्त टीव्ही बिघडला म्हणून बंद असते. झोपायला टीव्ही लागत नाही. गेस्टला दोष सांगून विचारा. उशिरा येणाऱ्या, अजून न आलेल्या बुकिंगची खोलीही बघा, पण तो गेस्ट आला तर त्याला काय देणार हे ठरवूनच.

काहीच नसेल तर तीच खोली शक्य तितकी सुधारा. आवाजाची असेल तर कारण थांबवा (प्रश्न ४ ते ६), अस्वच्छ असेल तर प्रश्न ३ प्रमाणे, आणि सकाळी पहिली चांगली खोली रिकामी होताच हलवण्याचं नक्की करा. खोली राहण्यालायकच नसेल तर जवळच्या हॉटेलात सोय करून द्या: तिथे आधी फोन करून खोली पक्की करा, जायची गाडी तुमची, त्या रात्रीचा भाड्यातला फरक तुमचा. गेस्ट दुसऱ्या दिवशी परत येणार असतील तर खोली त्यांनी यायच्या आधी तयार असायला हवी.

१६. गेस्ट खोटी तक्रार करून सवलत उकळतोय असं वाटलं तर?

पहिली तक्रार खरी धरूनच वागा. पाहिल्याशिवाय खोटी कशी म्हणणार? जागेवर जाऊन बघा, दोष दिसला नाही तरी खोली पुन्हा साफ करा किंवा बदला. त्याला फारसा खर्च नाही. पैशाची सवलत मात्र दिसलेल्या दोषावर किंवा फोटोवरच द्या. प्रत्येक मुक्कामात चेकआउटलाच तक्रार येते असं जुन्या नोंदींत दिसलं, तर वाद न घालता पुढच्या वेळी चेक-इनला स्वतः खोली दाखवून आणा आणि "सगळं ठीक आहे ना" एवढं विचारून नोंद करा.

१७. गेस्टने रात्री काहीच सांगितलं नाही, सकाळी बिल देताना सांगितलं. आता काय करणार?

"रात्रीच सांगायचं होतं" हे वाक्य गिळा. काहींना रात्री भांडायचं नसतं, काहींचा फोन रिसेप्शनला लागलेलाच नसतो. तोही तपासा, खोलीतला फोन बंद असणं हीच एक तक्रार आहे. माफी मागा, नेमकं काय झालं ते विचारा, पटलं तर प्रश्न ११ मधल्या मर्यादेत बिलातून कमी करा. गेस्ट निघाल्यावर ती खोली पुढच्या गेस्टला देण्याआधी कोणीतरी तिथे जाऊन, दार लावून, दोन मिनिटं उभं राहायला हवं.

१८. तक्रार आलेल्या जुन्या खोलीचं पुढे काय करायचं?

गेस्ट हलताच ती खोली संगणकात `VD`, म्हणजे रिकामी पण अस्वच्छ, करा. दोष दुरुस्तीचा असेल तर `OOO` करा, सोबत कारण आणि ड्यूटी मॅनेजरची सही. हे राहिलं की रात्री दोनला आलेल्या गेस्टला तीच २०७ विकली जाते. सकाळच्या शिफ्टला लॉगबुकातून तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: दोष काय होता, काय कबूल केलं, आणि काय अजून बाकी आहे. एकाच खोलीवर महिन्यात दुसऱ्यांदा तीच तक्रार आली तर खोली साफ करण्याच्या यादीतून काढून दुरुस्तीच्या यादीत टाका.